पत्र गल्ल्यावर दिलं जातं, निर्णय घरी होतो: फिल्मसाठी दुकानदारांकडे मदत मागताना

प्रश्न: "आम्ही जळगावच्या कॉलेजातले सात जण मिळून 15 मिनिटांची अहिराणी शॉर्ट फिल्म करतोय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या बाईची गोष्ट आहे. शूटिंग मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, तीन दिवस, धरणगावजवळच्या एका खेड्यात. खर्च 48 हजार: कॅमेरा-लाईट 18, साऊंड 6, जेवण-चहा 12, कपडे-सामान 4, गाडी-डिझेल 5, एडिटिंग 3. फुले मार्केट आणि सराफ बाजारात मिळून 30 दुकानांत पत्र दिलं. नाही कोणीच म्हणत नाही, 'बघू', 'नंतर या' एवढंच. आत्तापर्यंत 1,500 रुपये जमले. पत्राचा फोटो टाकलाय. काय चुकतंय?"

उत्तर:

पत्राचा फोटो नीट वाचला. भाषा स्वच्छ आहे, कॉलेजचा शिक्का आहे, विषयही आपल्या मातीतला आहे. अडचण शेवटून दुसऱ्या ओळीत आहे: "तरी आपण यथाशक्ती आर्थिक सहकार्य करावे, ही नम्र विनंती." या ओळीमुळे तुमचं पत्र वर्गणीच्या खात्यात जाऊन पडलं. वर्गणीचा भाव आपल्या बाजारात ठरलेला आहे, 101, 251, फार झालं तर 501. तुमचे 1,500 रुपये कसे जमले असतील ते मला न विचारता कळतंय.

मी गेली बरीच वर्षं जळगाव-धुळे भागात एकांकिका आणि लघुपटांच्या निर्मितीची बाजू सांभाळते, म्हणजे पैसा, गाड्या, जेवण, परवानग्या. माझं माहेरचं दुकान किराणा मालाचं, पारोळ्याचं. त्यामुळे गल्ल्याच्या दोन्ही बाजूंना बसून असली पत्रं पाहिली आहेत. दुकानाच्या बाजूने एक गोष्ट सांगते, ती तुमच्या सगळ्या प्रश्नाचं मूळ आहे. तुम्ही ज्याच्या हातात पत्र देता तो बहुतेक वेळा पैसे देण्याचा निर्णय घेत नाही. गल्ल्यावर धाकटा भाऊ असतो, पुतण्या असतो, मुनीम असतो. तो पत्र घेतो, गल्ल्याच्या खालच्या खणात ठेवतो, आणि रात्री हिशेब करताना, नाहीतर जेवताना मोठ्या भावाला किंवा वडिलांना सांगतो की कॉलेजची पोरं आली होती. ते विचारतात, "काय मांगतंस?" तेव्हा तुम्ही तिथे नसता. तुम्ही गल्ल्यावर उभं राहून जे पोटतिडकीने सांगितलं त्यातलं काहीही तिथपर्यंत पोचलेलं नसतं. पोचतो फक्त कागद. आणि कागदावर "यथाशक्ती" असेल तर धाकटा काय सांगणार? "वर्गणी मांगतंस." संपलं.

म्हणून पत्र लिहिताना वाचणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवा: साठीचा, चष्मा लावलेला, दिवसभर दुकानात बसून थकलेला, तुम्हाला कधीही न भेटलेला. त्याला तीन गोष्टी एका नजरेत कळल्या पाहिजेत. नेमकं काय मागितलंय, त्याची किंमत किती, आणि त्याच्या दुकानाला काय मिळणार. गोष्टीचा आशय, लोककलेचं जतन, तरुण पिढीची जबाबदारी हे तुमच्या पत्रात पहिल्या दोन परिच्छेदांत आहे. ते सगळं काढा. त्याला तुमची फिल्म कशाबद्दल आहे हे दोन वाक्यांत सांगितलं तर पुरतं, आणि आखाजी म्हटलं की खान्देशात पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

पत्र लिहिण्याआधी एक काम आहे आणि ते पत्रापेक्षा महत्त्वाचं आहे. 48 हजारांचा आकडा फोडा. 48 हजार हा आकडा कुठल्याही दुकानदाराच्या कामाचा नाही. तो ऐकून त्याला फक्त एवढं वाटतं की आपल्या हजाराने काय होणार. त्याला त्याच्या दुकानाच्या मापाचा तुकडा द्यायचा.

तुमचेच आकडे घेऊ. जेवण-चहाचे 12 हजार आहेत. 20 माणसं धरली, तीन दिवस, दोन वेळ, तर 120 ताटं होतात. 80 रुपये ताट धरलं तर 9,600. उरलेले 2,400 म्हणजे रोजचे 800 चहा-नाश्त्याचे. यातले रोख पैसे कोणाकडेच मागायचे नाहीत. खानावळवाल्याकडे एका दिवसाची 40 ताटं मागायची. तुमच्यासाठी ती 3,200 ची आहेत, त्याला स्वतःला ती त्याहून बरीच स्वस्त पडतात, आणि खिशातून नोट काढावी लागत नाही. तीन दिवसांना तीन वेगळ्या जागा. आणि हे जेवण जळगावात मागू नका, धरणगावात मागा. तीसेक किलोमीटरवरून दोन वेळा डबे आणायचे म्हटलं तर एका गाडीचं डिझेल आणि एक माणूस त्यातच जातो, शिवाय मार्चच्या दुपारी वरण गाडीत आंबतं. धरणगावच्या माणसाला ही फिल्म त्याच्या तालुक्यात होतेय याचंही अप्रूप असतं, जे फुले मार्केटमधल्याला असायचं कारण नाही.

कपडे-सामानाचे 4 हजार. यातही रोख नको. कापड दुकानातून साड्या, हार्डवेअरवाल्याकडून झोक्यासाठी दोर आणि बाकीचं किरकोळ सामान. आखाजीची गोष्ट म्हणजे झोका असणारच, आणि त्यावर माणूस बसणार असेल तर दोर नवा आणि जाड घ्या, घरातला जुना बांधू नका.

आता रोखीचं. कॅमेरा-लाईटचे 18 हजार म्हणजे दिवसाचे 6. "एका दिवसाचा कॅमेरा" असा तुकडा करा आणि तो तीनच ठिकाणी मागा, जिथे 6 हजार हा जाहिरातीचा खर्च म्हणून वेगळा काढतात: एखादा सराफ, दुचाकीची शोरूम, मोठं कृषी केंद्र किंवा कोचिंग क्लास. साऊंडच्या 6 हजारांचे दोन-दोनचे तीन तुकडे. राहिले डिझेल आणि एडिटिंगचे 8 हजार. हे तुम्ही सात जणांनी घाला. जमलेले 1,500 त्यात धरले तर माणशी हजाराच्या आत येतं. हे मी तुमच्यावर भार टाकायचा म्हणून सांगत नाही. मोठा भाऊ विचारतोच, "तुम्ही पोरांनी किती टाकले?" त्या प्रश्नाचं उत्तर पत्रात आधीच असलं की बोलणं वेगळ्या पातळीवर जातं. स्वतःचे पैसे घातलेल्या माणसाशी व्यापारी धंद्याच्या भाषेत बोलतो.

असं फोडलं की तुम्हाला 30 दुकानं लागतच नाहीत. तीन कॅमेऱ्याची, तीन साऊंडची, तीन जेवणाची, एक चहा-नाश्त्याचं, एक कापडाचं, एक हार्डवेअरचं. बारा. प्रत्येकाला वेगळं पत्र. एकाच पत्राच्या झेरॉक्सवर वर फक्त दुकानाचं नाव पेनाने भरलेलं असतं ना, ते आमच्या घरी लांबूनच ओळखू यायचं.

तुमच्या पत्रामागे जोडलेला सुवर्ण, रौप्य, कांस्य प्रायोजकांचा तक्ताही काढून टाका. मोठ्या शहरातल्या महोत्सवाला तो शोभतो. आपल्याकडे सराफ बाजारात शेजारी-शेजारी बसलेले दोघे एकमेकांचं सगळं बघत असतात. एकाला सुवर्ण आणि दुसऱ्याला कांस्य म्हटलं की कांस्यवाला पुढच्या वेळी दारात उभं करत नाही. त्याऐवजी एक नियम करा आणि तो पत्रात लिहा: एका धंद्यातलं एकच दुकान. जेवणाचं तेवढं वेगळं, तिथे एका दिवसाला एकच खानावळ. दुकानदाराला हे सगळ्यात जास्त पटतं, आणि तुम्हाला यासाठी एक पैसाही खर्च येत नाही. फक्त नंतर कितीही मोह झाला तरी दुसरा सराफ घ्यायचा नाही. धुळ्याच्या एका ग्रुपने पहिल्याला शब्द देऊन नंतर त्याच गल्लीतल्या दुसऱ्याचे पैसे घेतले. पहिल्याने आपले परत मागितले ते शूटिंगच्या आदल्या दिवशी, आणि कॅमेऱ्याचं भाडं त्यातूनच जायचं होतं.

आता कापड दुकानासाठीचं पत्र पूर्ण लिहून देते. बाकीची यावरून तुम्हाला करता येतील.

> प्रति,
> श्री. ________,
> ________ वस्त्रालय, फुले मार्केट, जळगाव.
>
> विषय: अहिराणी लघुपटासाठी दोन साड्या मिळण्याबाबत व त्याबदल्यात आपल्या दुकानाच्या जाहिरातीबाबत.
>
> सप्रेम नमस्कार.
>
> आपल्याकडून आम्हाला दोन सुती साड्या हव्या आहेत, दोन्ही मिळून अंदाजे 2,000 रुपयांच्या. आम्ही ________ महाविद्यालयाचे सात विद्यार्थी 15 मिनिटांचा अहिराणी लघुपट करत आहोत. आखाजीला माहेरी आलेली बाई सासरी परत निघते, त्या दिवशीच्या दुपारची ही गोष्ट आहे. साड्या त्यातील आई व मुलगी यांच्यासाठी आहेत. चित्रीकरण दि. ____ ते ____ मार्च, धरणगाव तालुक्यात होईल.
>
> साड्यांना फॉल-पिको होईल व चित्रीकरणात त्या मळतील, म्हणून त्या परत करता येणार नाहीत.
>
> त्याबदल्यात आम्ही पुढील गोष्टी करू. लघुपटाच्या सुरुवातीला 5 सेकंद पूर्ण पडद्यावर फक्त आपल्या दुकानाचे नाव व पत्ता दिसेल. आखाजीच्या आधीच्या आठवड्यात महाविद्यालयाच्या सभागृहात लघुपट दाखवला जाईल, त्याच्या निमंत्रणपत्रिकेवर आपले नाव असेल. आपल्या दुकानात साडी निवडतानाचा 30 सेकंदांचा व्हिडिओ तयार करून आम्ही आपल्याला देऊ. तो आपण आपल्या ग्राहकांना व्हॉट्सॲपवर पाठवू शकता. कापड दुकानांपैकी या लघुपटात केवळ आपलेच नाव असेल.
>
> एकूण खर्च 48,000 रुपये आहे. त्यातील 8,000 रुपयांची जबाबदारी आम्ही विद्यार्थ्यांनी घेतली आहे. 31 मार्चपर्यंत चित्रीकरण झाले नाही तर साड्या किंवा त्यांची किंमत परत करू. लघुपटाची कथा व संवाद आमचे राहतील.
>
> दि. ____ रोजी दुपारी 3 वाजता उत्तरासाठी येतो.
>
> आपला,
> (संपूर्ण नाव, मूळ गाव, मोबाईल)
>
> (मार्गदर्शक प्राध्यापकांचे नाव, सही, मोबाईल, महाविद्यालयाचा शिक्का)

एवढं एका पानात बसतं. अक्षर मोठं ठेवा; चष्मा दुकानात विसरलेल्या माणसालाही वाचता आलं पाहिजे.

यातल्या काही ओळींमागचं कारण सांगते, म्हणजे दुसऱ्या दुकानांसाठी बदलताना नेमकं तेच गळणार नाही.

साड्या परत मिळणार नाहीत हे स्पष्ट लिहिलंय, कारण बहुतेक मुलं "शूटिंगपुरत्या द्या" म्हणून मागतात. ऐकायला ते हलकं वाटतं, पण घडी मोडलेली, फॉल लावलेली, घामाने आणि चुलीच्या धुराने वास बसलेली साडी दुकानदार परत रॅकवर ठेवू शकत नाही. त्याला ती तोट्यातच काढावी लागते, आणि तुमचं नाव त्या तोट्याला चिकटतं. सरळ मागितलेल्या दोन साड्या त्याला परवडतात. मात्र सराफाकडून दागिना मागायचा असेल तर उलट. खरा दागिना कधीही घेऊन जाऊ नका, त्याने देऊ केला तरीही. नकली वापरा आणि सराफाकडून कॅमेऱ्याचा दिवस मागा.

"मूळ गाव" मुद्दाम लिहायला सांगितलंय. "तू कोना पोऱ्या शेस?" हा प्रश्न तुम्हाला प्रत्येक दुकानात विचारला गेला असेल. रात्री घरीही तो विचारला जातो, आणि तिथे उत्तर द्यायला कागदच असतो. आडनाव आणि गाव वाचून निम्म्या वेळा कुठलीतरी ओळख निघतेच. पत्र साध्या मराठीत ठेवा, पण गल्ल्यावर अहिराणी किंवा आपली रोजची खान्देशी बोली बोला. फिल्म अहिराणीत आहे आणि बोलणारा पुस्तकी मराठीत बोलतोय, हे ऐकणाऱ्याला खटकतं.

जाहिरातीच्या बाबतीत तुमच्या जुन्या पत्रात "हजारो प्रेक्षकांपर्यंत आपले नाव पोहोचेल" असं आहे. ते लिहू नका. दुकानदाराच्या मोबाईलवर अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ रोज येतात, त्यांचे आकडे त्याला माहीत आहेत. तुमच्या चॅनलवर किती जण आहेत हे त्याचा मुलगा तिथल्या तिथे बघू शकतो. जे तुमच्या हातात आहे तेवढंच कबूल करा: पडद्यावर किती सेकंद, पत्रिकेवर नाव, सभागृहातला कार्यक्रम. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त उपयोग त्या 30 सेकंदांच्या व्हिडिओचा होतो. तुमच्याकडे कॅमेरा आहे, माणूस आहे, अर्ध्या तासाचं काम आहे. फिल्म कशी होईल, कोण बघेल हे दुकानदाराला माहीत नसतं. हा व्हिडिओ मात्र त्याला आठवडाभरात हातात मिळतो आणि तो लगेच ग्रुपवर टाकतो. मग शेजारचे विचारतात, हे कोणी केलं.

"शहरातल्या टॉकीजमध्ये दाखवू" असंही कबूल करू नका. चित्रपटगृहात जाहीर खेळ लावायचा तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, आणि विद्यार्थ्यांच्या फिल्मचं तेवढं कोणी करून ठेवलेलं नसतं. कॉलेजचं सभागृह आणि निमंत्रित पाहुणे, इथपर्यंतच थांबा. फिल्म पुढे महोत्सवांना पाठवायची असेल तर आणखी एक खबरदारी घ्या. सुरुवातीला जाहिरातीच्या पाट्या असलेली प्रत अनेक महोत्सवांना चालत नाही. म्हणून दोन प्रती करा. एकीत सुरुवातीच्या पाट्या, दुसरीत फक्त शेवटच्या श्रेयनामावलीत आभार. दुकानदाराला हे पैसे घेतानाच सांगा. नंतर त्याने महोत्सवाची प्रत पाहिली आणि नाव सुरुवातीला दिसलं नाही, तर तुम्ही कितीही समजावलं तरी त्याला फसवल्यासारखंच वाटणार.

आता पैशाचा मार्ग. पत्राच्या खाली फाडून घेता येईल अशी संमतीची चिठ्ठी ठेवा: दुकानाचं नाव जसं पडद्यावर हवं तसं, काय देणार, कधी देणार, सही. आणि दुकानाच्या पाटीचा फोटो काढून आणा. पाटीवर एक नाव असतं, बिलावर दुसरं. पाटीवर वडिलांचं नाव, बिलावर "अँड सन्स". पडद्यावर पाटीवरचं जातं, पावतीवर बिलावरचं. पाटी तयार झाली की एडिटिंग संपण्याआधी ती मोबाईलवर दाखवून होकार घ्या. नावातला एक काना चुकला तर बाकी सगळं केलेलं फुकट जातं.

रोख रक्कम स्वतःच्या यूपीआयवर घेऊ नका. कॉलेजच्या खात्यावर घेता आली तर उत्तम, पण हे तुमच्या कॉलेजवर अवलंबून आहे. काही ठिकाणी खात्यात आलेला पैसा बाहेर पडायला महिना लागतो आणि तोवर शूटिंग होऊन गेलेलं असतं. हिशेबनीस काय म्हणतात ते आधी विचारा. तसं असेल तर दोघांच्या नावाने साधं बचत खातं आणि प्रत्येक रकमेवर प्राध्यापकांच्या सहीची पावती, हा दुसरा मार्ग. पावतीवर "देणगी" लिहू नका, "लघुपटातील जाहिरातीपोटी" लिहा. धंद्याच्या जाहिरातीचा खर्च दुकानदार त्याच्या हिशेबात खर्च म्हणून धरू शकतो. देणगीवर करात सवलत मिळण्यासाठी घेणाऱ्या संस्थेकडे आयकर खात्याची त्यासाठीची नोंदणी असावी लागते, आणि सात विद्यार्थ्यांच्या ग्रुपकडे ती नसते. कोणी विचारलं तर गोलमोल बोलू नका, नाही म्हणून सांगा. आणि एखाद्याने एकरकमी दहा हजारांच्या वर द्यायचं ठरवलं तर चेकने किंवा ऑनलाईन घ्या. एका दिवसात एकाला दहा हजारांच्या वर रोखीने दिलेला खर्च धंद्याच्या हिशेबात वजा धरता येत नाही, हे त्याच्या सीएने त्याला सांगितलेलं असतं.

तुमचं शूटिंग मार्चमध्ये आहे ही या बाबतीत सोयीची गोष्ट आहे. 31 मार्चला वर्ष संपतं, त्याआधीची पावती याच वर्षाच्या खर्चात बसते. पण मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात कोणी तुमच्याशी बोलायला मोकळा नसेल, म्हणून सगळी बोलणी फेब्रुवारीतच संपवा. आखाजीच्या आधी फिल्म दाखवणं हेही सराफ आणि कापडवाल्यांच्या दृष्टीने अचूक आहे, कारण अक्षय्य तृतीयेला सोनं घेतलं जातं आणि माहेरवाशिणींची लुगडी-साड्यांची खरेदी त्याच दिवसांत असते. कृषी केंद्राला मात्र आखाजी महत्त्वाची नाही. त्याचा हंगाम मे अखेरीपासून, कपाशीच्या बियाण्याचा. त्याला सांगा की तुमचा व्हिडिओ आम्ही मेमध्ये करून देऊ. म्हणजे कबुली तीच, तारीख त्याच्या धंद्याप्रमाणे.

जायची वेळ दुपारी अडीच ते चार. सकाळी दुकान उघडल्या-उघडल्या कधीही जाऊ नका. बोहनी व्हायच्या आत पैसे मागायला आलेला माणूस कितीही चांगला असला तरी नकोसा होतो. संध्याकाळी गिऱ्हाईक असतं. दुपारी ऊन चढलं की बाजार रिकामा होतो, मालक गल्ल्यावर पंख्याखाली बसलेला असतो आणि त्याला बोलायलाही हवं असतं. दोघांनीच जा. सात जण गेले की दुकान अडतं. गिऱ्हाईक आलं तर न सांगता बाजूला व्हा. ही एवढी गोष्ट दुकानदार लक्षात ठेवतो.

पत्र देताना "हे मोठ्या भाऊंना दाखवा, मी गुरुवारी तीनला येतो" असं म्हणा आणि गुरुवारी तीनलाच जा. चार वाजले तरी चालेल असं समजू नका. "बघू" याचा अर्थ तुम्ही दुसऱ्यांदा गेल्यावरच कळतो. दुसऱ्या खेपेला "अजून विचारलं नाही" म्हणाले तर अजून आशा आहे, खरंच विसरले असतील. "आत्ता जरा मंदी आहे" म्हणाले तर रक्कम जास्त झाली. तिथे कमी करून मागू नका, वस्तूवर या. "आम्ही असं कोणालाच देत नाही" म्हणाले तर ते नाही आहे. नमस्कार करून निघा, कार्यक्रमाची पत्रिका मात्र त्यालाही पाठवा. तिसऱ्या खेपेनंतर कुठेही जाऊ नका.

एका प्रकारच्या पैशाबद्दल सावध करते. निवडणुकीची हवा असली की एखादा इच्छुक उमेदवार सगळा खर्च एकटा उचलायला तयार होतो. 48 हजार एका फोनमध्ये मिळतात. पण मग सुरुवातीच्या पाटीवर त्याचा हात जोडलेला फोटो येतो, आणि ज्या दुकानदारांनी आधी हो म्हटलंय त्यांतले काही जण गुपचूप मागे सरतात, कारण बाजारात सगळ्या बाजूंची गिऱ्हाईकं सांभाळायची असतात. तसंच तंबाखूजन्य पदार्थांच्या कुठल्याही कंपनीचं नाव घेऊ नका. त्यांच्या जाहिरातीला कायद्याने बंदी आहे आणि कॉलेजचा शिक्का तुमच्या पत्रावर आहे.

राहिली ती 30 दुकानं, जिथे जुनं पत्र आधीच पडलेलं आहे. त्यांतली चार-पाच तुमच्या नव्या यादीत येतीलच. तिथे नवं पत्र घेऊन जा आणि सांगा, "काका, आधीचं पत्र बाजूला ठेवा, आम्ही तुमच्या दुकानापुरतं नेमकं लिहून आणलंय." यात कमीपणा नाही, उलट तुम्ही विचार करून परत आलात हे दिसतं. ज्यांनी 1,500 रुपये मिळून दिले त्यांची नावं शेवटच्या आभारात घाला आणि त्यांच्याकडे पुन्हा मागायला जाऊ नका. बाकीच्या दुकानांत फिरू नका. सुरुवात धरणगावच्या जेवणापासून करा, कारण तिथे होकार लवकर येतो. दोन होकार हातात आले की मगच सराफाकडे जा. तो पहिला प्रश्न विचारेल, "अजून कोण कोण आहे?" तेव्हा दुकानांची नावं सांगा, रक्कम कोणाचीही सांगू नका.